पाच-दोन-शून्य मराठीत कसं म्हणायचं?

पाच युआन वीस. डॉक्टरांच्या वीचॅटवर २० मे रोजी एवढीच रक्कम आली, तेव्हा ते चीनमध्ये एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते. पाठवणारी होती वसतिगृहाच्या दारावर बसणारी आयी. आयी म्हणजे चिनीत मावशी, किंवा मावशीच्या वयाची कोणीही बाई. आपल्या मुलांना ती हाक मारायला शिकवावी लागत नाही. पैसे कशाचे ते डॉक्टरांना कळेना. वीजबिलाच्या हिशेबातले उरले असतील असं समजून त्यांनी दुसऱ्या दिवशी तेवढीच रक्कम जशीच्या तशी परत केली. आयी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन दाखवून हसत होती. पाच-दोन-शून्य म्हणजे ‘माझा तुझ्यावर जीव आहे’ आणि या मुलानं तिला तसंच उत्तर दिलं होतं!

डॉक्टर आता मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतात. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘आकडा’ हा विषय दिला, तेव्हा मला आठवला तो त्यांचा हा किस्सा. चीनमध्ये आकड्यांनी आणि आद्याक्षरांनी बोलण्याची एक भाषाच तयार झाली आहे, तिची मराठी करायची तर नेमकं काय करायचं, हे पाहायला मी पुण्यात चिनी शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेले. बाई शिकवण्याबरोबर कंपन्यांसाठी दुभाष्याचं कामही करतात. ‘‘पाठ्यपुस्तकातली चिनी मला कधी अडवत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण बैठक संपल्यावर समोरचा इंजिनिअर गटात 886 लिहून निघून जातो आणि आपले लोक विचारतात, हा कुठल्या भागाचा नंबर?’’

दहा अंक, चारशे आवाज

आधी हे होतं कसं, ते पाहू. मंदारिन चिनीत प्रत्येक लिपिचिन्हाचा उच्चार एका अक्षराचा, म्हणजे ‘मा’, ‘शंग’, ‘ल्यो’ असा एका झटक्यात संपणारा. स्वरांची चढउतार बाजूला ठेवली तर असे वेगवेगळे उच्चार उणेअधिक चारशे भरतात. चढउतार धरली तरी तेराशेच्या आसपास. शब्द मात्र हजारो. त्यामुळे एकाच उच्चाराचे कितीतरी शब्द असतात आणि संदर्भावरून अर्थ लावायची सवय चिनी कानाला लहानपणापासून असते. अंकही तसेच एका अक्षराचे: ई, अर, सान, स, वू, ल्यो, ची, बा, ज्यो, आणि शून्याला लिंग. शिवाय फोन नंबर सांगताना एकाला ‘ई’ न म्हणता ‘याव’ म्हणतात, कारण ‘ई’ आणि सातचा ‘ची’ घाईत सारखे ऐकू येतात. हा ‘याव’ फार कामाचा, कारण ‘हवं आहे’ या क्रियापदाचा उच्चारही तोच. चीनमधल्या मॅकडॉनल्ड्सला घरपोच खाणं मागवायचा फोन 517-517 वर संपतो: वू-याव-ची. त्यातून चिनी माणूस ‘वो याव छ’ ऐकतो, म्हणजे ‘मला खायचंय’.

आता 520 घ्या. वू-अर-लिंग. आणि ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य: वो-आय-नी. हे काही नीट जुळत नाही, असं कोणीही म्हणेल. बाईंनी माझ्यासमोर दोन्ही एकामागोमाग म्हणून दाखवलं, आधी सावकाश, मग फोनवर पुटपुटल्यासारखं भरभर. ‘वू’ आणि ‘वो’ जवळ आले, ‘अर’ आणि ‘आय’ निम्मे जवळ आले, पण ‘लिंग’ आणि ‘नी’? इथे प्रांत कामाला येतो. दक्षिण आणि नैर्ऋत्य चीनमध्ये कोट्यवधी लोकांच्या बोलण्यात ‘न’ आणि ‘ल’ यांच्यात फरकच नसतो. पुस्तकी उच्चारात जी सांधेजोड ओढूनताणून केलेली वाटते, ती कुणाच्या तरी बोलीत सहज बसलेली असते. चारचंही तसंच. ‘स’ म्हणजे चार आणि ‘श’ म्हणजे ‘आहे’. बीजिंगच्या माणसाला हे दोन वेगळे, तैवानच्या किंवा दक्षिणेतल्या माणसाला जवळजवळ एकच. म्हणून तैवानी पोरं ‘आहे की नाही?’ (श-बु-श) हा प्रश्न 484 असा लिहितात. बीजिंगच्या माणसाला हे कळतं, पण त्याला त्यात एक तैवानी हेलही ऐकू येतो. भाषांतरात हा हेल कुठे ठेवायचा, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

हे सगळं इंटरनेटनं जन्माला घातलेलं नाही. नव्वदच्या दशकात चीन-तैवानमध्ये लोकांच्या कमरेला पेजर असायचे. साध्या पेजरवर फक्त आकडे उमटायचे. निरोप पाठवायचा तर आकड्यांतच बसवायला हवा. 520 प्रेमाला, 530 ‘तुझी आठवण येते’ला (वो-श्यांग-नी), 88 ‘बाय बाय’ला. पेजर गेले, आकडे राहिले. पुढे इंटरनेटवर त्यांची संतती वाढली: 7456 (ची-स-वू-ल्यो) म्हणजे ‘ची-स-वो-ल’, ‘संतापानं जीव गेला माझा’, 9494 म्हणजे ‘अगदी अगदी’. अलीबाबा कंपनीच्या घाऊक बाजाराचं नाव 1688 आहे, तेही याव-ल्यो-बा-बा असं म्हटलं की ‘अलीबाबा’च्या जवळ जातं म्हणून.

520 मात्र नुसतं बोलणं राहिलं नाही, ती तारीख झाली आणि रक्कमही झाली. २० मेला विवाहनोंदणी कार्यालयांत रांगा लागतात. वीचॅटवर एका लाल पाकिटात एरवी दोनशे युआनच्या वर पैसे घालता येत नाहीत, पण त्या दिवशी ती मर्यादा वाढवून ५२० केली जाते. ज्यांना आणखी पुढे जायचं ते 1314 पाठवतात: ई-सान-ई-स, म्हणजे ‘ई-शंग-ई-श’, एक आयुष्य एक जन्म. प्रेम मोडल्यावर हे पैसे परत मागण्याचे खटले चालतात आणि त्यात रकमेकडे पाहिलं जातं. दहा हजार दिले असतील तर ते उसने होते का, यावर वाद होऊ शकतो. 520 किंवा 1314 दिले असतील, तर ती प्रेमाची भेट होती असं न्यायालयं साधारणपणे धरतात, कारण इतक्या तिरक्या रकमेचं कर्ज कोणी काढत नाही.

मराठीत याचं काय करायचं? आपल्याकडे कॉलेजच्या बाकांवर आणि झाडांच्या खोडांवर कोरलेला 143 आहे. त्यात आवाज नाही. इंग्रजी वाक्यातल्या तीन शब्दांची अक्षरं मोजली आहेत, एक-चार-तीन. प्रेमाच्या कबुलीला आकडाच हवा असेल, तर चॅटमधल्या 520 च्या जागी 143 ठेवायला काही हरकत नाही. वाचणाऱ्याच्या ओठांवर तेच हसू येईल. पण आयीनं पाठवलेल्या 5.20 युआनचे 1.43 युआन कसे करणार? आणि २० मेची तारीख १४ मार्चला कशी नेणार? म्हणजे आकडा बोलण्यात आला तर बदलता येतो. रकमेत किंवा तारखेत आला तर तो जसाच्या तसा ठेवावा लागतो, आणि वू-अर-लिंगचा खुलासा आजूबाजूच्या वाक्यात कुठेतरी विरघळवावा लागतो. 1314 च्या बाबतीत बाईंचे विद्यार्थी हमखास एकच चूक करतात: ‘सात जन्म’ लिहून येतात. ‘‘अरे, मूळ माणूस एकाच जन्माचं बोलतोय,’’ बाई त्यांना सांगतात, ‘‘उरलेले सहा तू तुझ्या खिशातून घालतोस.’’ त्यांना ‘जन्मभर’ पुरेसं वाटतं. मलाही.

जे आकडे उच्चाराचे नाहीत

चिनी पडद्यावर आकडा दिसला की तो मोठ्यानं म्हणून पाहायचा, ही सवय लागली की लगेच फसायची वेळ येते. 2333 हे सगळीकडे दिसतं. अर-सान-सान-सान. कितीही वेळा म्हटलं तरी त्यातून काही निघत नाही, कारण त्यात काही दडलेलंच नाही. माओपू नावाच्या एका जुन्या चिनी संकेतस्थळावर हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांच्या चित्रांना क्रमांक होते. त्यात २३३ क्रमांकाचा चेहरा जमिनीवर हात आपटून हसायचा. लोक चित्राऐवजी नुसता क्रमांक लिहू लागले, मग संकेतस्थळ मागे पडलं, चित्रही विस्मरणात गेलं, आणि उरला तो क्रमांक. आज 2333333 लिहिणाऱ्या अनेकांना ते चित्र ठाऊकही नाही. शेवटचे तीन जितके जास्त तितकं हसू मोठं, एवढंच त्यांना पुरतं.

996 ची जात आणखी वेगळी. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस: चिनी तंत्रकंपन्यांतल्या कामाच्या वेळापत्रकाचं हे सरळ वर्णन. २०१९मध्ये तिथल्या प्रोग्रामरनी याविरुद्ध गिटहबवर 996.ICU नावाची मोहीम काढली: नऊ-नऊ-सहा काम करा आणि अतिदक्षता विभागात जा, असा त्या नावाचा अर्थ. ऑगस्ट २०२१मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयानं हे वेळापत्रक बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. आपल्या ‘चारसोबीस’चं कुळ हेच. दंडसंहितेच्या ४२०व्या कलमावरून आलेला तो आकडा नवा कायदा येऊन कलम बदललं तरी बोलण्यातून हललेला नाही.

आणि 555. वू-वू-वू. हा उच्चाराचाच आहे, रडण्याचा आवाज. पण थाई भाषेत पाचाला ‘हा’ म्हणतात, त्यामुळे बँकॉकचा माणूस 555 लिहितो तेव्हा तो खदखदून हसत असतो. एकाच पडद्यावर चिनी आणि थाई प्रेक्षक असतील तर कोण रडतोय आणि कोण हसतोय, हे नावं पाहूनच ठरवावं लागतं.

आपलं आकड्यांशी खेळणं मात्र बहुतेक डोळ्यांचं आहे, कानाचं नाही. पाठीला पाठ लावून बसलेले ३ आणि ६ पाहून आपण भांडणाला ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतो. रस्त्यावर गाड्यांच्या पाट्या पाहा: 4912 वळणदार काढून ‘पवार’, 4141 चा ‘दादा’, 214 चा ‘राम’. असं करणं नियमात बसत नाही, तरी हौस फिटत नाही. मराठीत ‘पाच’, ‘सात’, ‘नऊ’ यांचे उच्चार इतर शब्दांशी फारसे जुळत नाहीत, पण अंकांची वळणं देवनागरी अक्षरांच्या वळणांशी जुळतात. म्हणून चिनी माणूस आकडा वाचून हसतो आणि आपण पाहून हसतो. हे एकदा लक्षात आलं की चिनी आकड्यासाठी उच्चाराचा मराठी आकडा घडवायचा हट्ट आपोआप सुटतो. तसे प्रयत्न मी पाहिले आहेत. ते कोड्यासारखे सोडवावे लागतात आणि सोडवल्यावरही हसू येत नाही.

yyds आणि सा.न.वि.वि.

दुसरा मोठा प्रवाह अक्षरांचा. चिनी लिपीत टंकलेखन करायचं तर बहुतेक लोक पिनयिन वापरतात, म्हणजे १९५८मध्ये चीन सरकारनं स्वीकारलेली रोमन लिपीतली उच्चारपद्धती. फोनवर शब्दाचा उच्चार रोमन अक्षरांत द्यायचा, खाली चिनी शब्दांचे पर्याय येतात, हवा तो निवडायचा. नेहमीच्या वाक्प्रचाराला पूर्ण उच्चारही लागत नाही, आद्याक्षरं दिली तरी कीबोर्ड ओळखतो. आता घाईतल्या माणसानं आद्याक्षरं दिली आणि पर्याय निवडायचा कंटाळा करून ती अक्षरंच पाठवून दिली, तर? xswl हे असंच एक: श्याव-स-वो-ल, ‘हसून मेलो’. dbq म्हणजे ‘दुय-बु-ची’, ‘माफ कर’.

yyds चा प्रवास सगळ्यांत प्रसिद्ध. ‘योंग-युआन द शन’, सदासर्वकाळचा देव. लीग ऑफ लेजंड्स खेळणाऱ्या उझी या चिनी खेळाडूच्या कौतुकात ही आरोळी रूढ झाली, तिची चार अक्षरं झाली, आणि २०२१च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी प्रत्येक पदकापाठोपाठ ती चार अक्षरं धावत होती. त्या वर्षाअखेरीस चीनच्या राष्ट्रीय भाषा-संशोधन केंद्रानं इंटरनेटवरच्या दहा शब्दांची यादी काढली, तीत yyds होतं. आज हॉटपॉट yyds असतो, आजीच्या हातचे मोमो yyds असतात.

सगळीच अक्षरं आळसातून आलेली नाहीत. चित्रपट-संगीतातल्या ताऱ्यांचे भक्त आपल्या नटाचं नाव आद्याक्षरांत लिहितात, कारण पूर्ण नाव लिहिलं तर शोध घेऊन विरोधी भक्तांची टोळधाड येते. zf म्हणजे सरकार आणि jc म्हणजे पोलीस, ही अक्षरंही अशीच यंत्राच्या नजरेतून निसटण्यासाठी वापरली जातात.

अडचण अशी की आद्याक्षरांतून मूळ वाक्याकडे परत जायला एकच रस्ता नसतो. पिनयिनमधले zh, ch, sh हे आवाजही आद्याक्षरात z, c, s होऊन बसतात, त्यामुळे गर्दी आणखी वाढते. zz म्हणजे ‘राजकारण’ही असू शकतं आणि ‘मतिमंद’ अशी शिवीही. वाक्यात दोन्ही बसतात, हे दुर्दैव. चिनी लोकांनाच हे इतकं छळतं की कोणीतरी nbnhhsh नावाचं साधन तयार केलं. नाव हेच आद्याक्षरांचं: ‘नंग-बु-नंग हाव-हाव श्वो-ह्वा’, म्हणजे ‘जरा नीट बोलता येत नाही का?’ त्यात आद्याक्षरं दिली की ती कशाची असू शकतात याचे पर्याय येतात, आणि हे पर्याय वापरणाऱ्यांनीच भरलेले असतात. बाईही ते वापरतात. पण पहिला पर्याय उचलत नाहीत. आधी बोलणारा कोण हे पाहतात: खेळाचा प्रेक्षक, कुणाचा भक्त, की वैतागलेला नोकरदार. मग वाक्यात त्या अक्षरांची जागा पाहतात, नाम आहे की उद्गार. आणि शेवटी त्याच माणसानं आधी काय काय लिहिलंय ते चाळतात. तीन गोष्टी एकाच पर्यायाकडे बोट दाखवत असतील तरच तो घ्यायचा.

अक्षरांच्या बाबतीत मराठी गरीब नाही, उलट या घराण्यात आपण थोरले आहोत. पत्राच्या माथ्यावर सा.न.वि.वि., हिशेबाच्या पायथ्याशी चु.भू.द्या.घ्या., नावाआधी ति., चि., सौ. मराठी संकेतस्थळांवर मंडळी जमू लागली, तेव्हा ‘हहपुवा’ (हसून हसून पुरेवाट) आणि ‘भापो’ (भावना पोहोचल्या) त्याच साच्यातून निघाले. मला वाटलं, मग xswl साठी ‘हहपुवा’ तयारच आहे की! बाईंनी वर्गातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘‘हे कुठल्या परीक्षेचं नाव आहे का?’’ अर्थ जुळत होता, यंत्रणा जुळत होती, वय जुळत नव्हतं. xswl शाळा-कॉलेजातली पोरं लिहितात. हहपुवा लिहिणाऱ्यांची पोरं आता कॉलेजात आहेत. मग नवं संक्षिप्त रूप घडवावं? तेही फसतं, कारण आद्याक्षरं हा शब्द नसतो, तो आधी झालेला करार असतो. ‘ख.सां.त.’ लिहून ‘खरं सांगायचं तर’ ओळखा म्हणणं म्हणजे न झालेल्या करारावर सही मागणं.

चौसष्ट

काही आकडे खेळासाठी नसतात. ४ जून १९८९ रोजी बीजिंगमध्ये तिआनानमेन चौकातलं आंदोलन लष्करानं चिरडलं. चिनीत तारखेला महिना आधी येतो, म्हणून त्या दिवसाचं नाव सहा-चार. चिनी इंटरनेटवर हा उल्लेख टिकत नाही, म्हणून लोकांनी ‘३५ मे’ शोधून काढली. मेचे एकतीस दिवस संपल्यावर चार दिवस पुढे मोजले की ४ जून येतो. लेखक यू ह्वा यांनी २०११मध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये या पस्तीस मेवर निबंध लिहिला होता.

पुढच्याच वर्षी जे झालं ते कोणी रचूनही साधलं नसतं. ४ जून २०१२ला शांघाय शेअर बाजाराचा निर्देशांक 2346.98 वर उघडला आणि दिवसअखेर 64.89 अंकांनी घसरला. घसरणीत महिना, दिवस, वर्ष. आणि उघडण्याचा आकडा शेवटाकडून उलटा वाचला तर 89, 6, 4, आणि त्याचे सुरुवातीचे दोन अंक सरळ वाचले तर 23, म्हणजे तो तेविसावा स्मृतिदिन. लोकांनी हे हेरलं आणि त्या दिवशी वेइबोवर ‘शांघाय निर्देशांक’ हे शब्दही शोधता येईनासे झाले. पहारेकऱ्याला संशय यावा असा एकही शब्द त्यात नव्हता, होता तो बाजाराचा खरा भाव.

अशा मजकुराचं भाषांतर करताना बाई वेगळ्या पद्धतीनं वागतात. 520 चा अर्थ उघडून सांगितला तर थोडी मजा जाते, बाकी कोणाचं काही बिघडत नाही. सहा-चार उघडून लिहिलं तर बोलणाऱ्यानं जे पांघरूण घेतलं होतं तेच ओढून घेतलं जातं. छापील पुस्तकात, वर्षांनंतर, ते चालतं. प्रस्तावनेत सगळं लिहा. पण कोणाचा चालू मजकूर, नावासकट, त्याच दिवशी दुसऱ्या भाषेत न्यायचा असेल, तर ३५ मे ही ३५ मेच राहिली पाहिजे. मराठी वाचकाला मेमध्ये पस्तीस दिवस पाहून खटकेल. खटकू दे. मूळ वाचकालाही पहिल्यांदा तसंच खटकलं होतं.

सरकारचा राग मात्र फक्त अशा आकड्यांपुरता नाही. १ मार्च २००६पासून शांघाय शहरात सरकारी कागदपत्रं, पाठ्यपुस्तकं आणि बातम्यांतून इंटरनेटवरच्या अशा बोलीला बंदी आली. जुलै २०२२मध्ये वेइबोनं समान उच्चाराचे बदली शब्द हुडकण्याची मोहीम जाहीर केली, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये इंटरनेटचं नियमन करणाऱ्या खात्यानं शिक्षण मंत्रालयाबरोबर अशीच देशव्यापी मोहीम काढली. तीत लपवाछपवीचे शब्द होते आणि मुलांच्या वह्यांत शिरलेली अक्षरंही.

एक मिनिटाचा पडदा

शेवटी बाईंनी एक काम समोर ठेवलं. बिलीबिली या चिनी व्हिडिओ-संकेतस्थळावर प्रेक्षकांचे शेरे चालू चित्रावरून उजवीकडून डावीकडे धावत जातात. त्यांना ‘दानमू’ म्हणतात, गोळ्यांचा पडदा. संगणकखेळाच्या सामन्याचं शेवटचं मिनिट, एका खेळाडूनं हरत आलेला डाव फिरवला, आणि वरून शेरे चाललेत: 666666. yyds. मग u1s1, यात थोडं नशीबही होतं. xswl, समोरचा बघतच राहिला, 2333333. 555, डोळ्यांत पाणी आलं. आणि कोपऱ्यातून एक: 886, उद्या 996. तळटीपेला इथे जागा नाही. शेरा दिसतो तो काही सेकंद.

666 हा आकडा ‘ल्यो’, म्हणजे हात सफाईनं चालणं. मी उत्साहानं ‘१ नंबर’ सुचवलं: आकड्याला आकडा, कौतुकाला कौतुक. बाईंनी ते खोडलं. ‘‘पुढच्या मिनिटभरात 666 वीस वेळा येईल. दुसऱ्या वेळी प्रेक्षकाला कळेल, चौथ्या वेळी तो स्वतः म्हणेल. जे पुन्हा पुन्हा येतं ते तसंच ठेवायचं, जे एकदाच येतं ते मराठीत आणायचं.’’ पण एक बजावलंही: एकटाच 6 आला तर चित्र थांबवून पाहा. खेळाडूनं माती खाल्ली असेल तर तो 6 टोमणा असतो, तिथे ‘धन्य आहेस’ लिहावं लागतं.

yyds साठी ‘देव’ लिहिला तर मराठी प्रेक्षक थेट क्रिकेटमध्ये जातो आणि सचिनला भेटून परत येतो. ‘बाप’ चालेल, पण हेच yyds नेमबाज मुलीलाही म्हणतात आणि खाण्यालाही. वर्गातल्या मुलीनं तोडगा दिला: ‘विषय हार्ड’. माणसाला चालतं, मिसळीलाही चालतं, आणि तिच्या वयाचं आहे. xswl साठी तिनंच ‘मेलो’ सुचवलं. इतका वेळ आम्ही पर्याय धुंडाळत होतो आणि शब्दशः भाषांतरच सगळ्यात तरुण निघालं. 2333333 चं ‘हाहाहाहाहाहा’ झालं, जेवढे अंक जवळपास तेवढे ‘हा’, कारण इथे लांबी हाच अर्थ आहे. 555 ला ‘भ्यांऽऽ’, कारण वू-वू-वूचं रडणं खरं कमी आणि लाडिक जास्त. u1s1 मध्ये इंग्रजी u चा ‘यौ’, मग एक, s चा ‘श्वो’, पुन्हा एक: ‘यौ-ई-श्वो-ई’, जे एक आहे ते एकच सांगायचं. अक्षर-आकड्यांची ही खिचडी मराठीत शिजत नाही. ‘खरं सांगू का’ लिहून आम्ही पुढे गेलो.

उरला कोपऱ्यातला निरोप. 996 चं ‘नऊ ते नऊ’ झालं; त्यात आठवड्याचे सहा दिवस सुटले, पण वैताग पोहोचला. 886 वर मात्र एकमत होईना. बा-बा-ल्यो, ‘बाय बाय लो’, शेवटी लाडाचा एक स्वर जोडलेला. हा आकडा २००० सालच्या आसपासचा. आज तो लिहिणारा एक तर चाळिशीतला असतो नाही तर मुद्दाम जुनाट बोलून गंमत करत असतो. मी ‘टाटा’ म्हटलं. मुलीला ते बाळाला हात हलवायला सांगितल्यासारखं वाटलं, तिनं ‘चला, कल्टी’ सुचवलं. बाईंचं म्हणणं, उद्या सकाळी नऊला कामावर हजर व्हायचंय तो माणूस कल्टी मारत नाही, नाइलाजानं उठतो. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आयीची आठवण काढली: ती रात्री दार लावून घेताना गटात 886 टाकायची, आणि त्यानंतर आलेल्याला बाहेर थांबावं लागायचं. बाईंनी ते ऐकून ‘बरं, येतो’ लिहिलं, मग ते खोडून नुसतं ‘चला, टाटा’ ठेवलं.